ना नुसते चिरडणे, ना नुसते वाकणे

दुकानात पोटमाळा घालायचा असला की फॅब्रिकेटर बहुधा चार इंची मीडियम पाइप सुचवतो. बाहेरून 114.3 मिलिमीटर, पत्र्याची जाडी 4.5 मिलिमीटर, वजन मीटरला साधारण 12 किलो. वर बीम, खाली बेसप्लेट आणि मध्ये तीन मीटर उंचीचा हा पाइप. तो किती टन वजन पेलेल, हा प्रश्न ऐकायला सोपा वाटतो. पुस्तकात त्याला दोन स्वतंत्र उत्तरे सापडतात आणि दोन्ही उत्तरे एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की कुणालाही वाटावे, चला, खात्री पटली. एक म्हणते 50.6 टन, दुसरे म्हणते 52.4 टन. प्रत्यक्षात हा पाइप 28 टनांच्या आसपासच हात टेकतो.

हा फरक थोडाथोडका नाही, जवळजवळ निम्म्याचा आहे. अभियांत्रिकीच्या पदविकेला बसलेल्या मुलांना 'क्रिपलिंग लोड' या नावाखाली जे गणित सोडवावे लागते, ते याच फरकाचे. ज्या भाराखाली खांब एकदम बाजूला वाकतो आणि पुन्हा सरळ होऊन वजन घेण्याच्या स्थितीत राहत नाही, तो त्याचा क्रिपलिंग लोड.

आधी पहिले उत्तर. पाइप आडवा कापला तर लोखंडाची जी कडी दिसते तिचे क्षेत्रफळ 1552 चौरस मिलिमीटर भरते. जुन्या पाठ्यपुस्तकांत मऊ पोलादाची चिरडण्याची ताकद दर चौरस मिलिमीटरला 320 न्यूटन धरलेली असते. दोहोंचा गुणाकार म्हणजे 497 किलोन्यूटन, अर्थात 50.6 टन. या हिशेबात उंची कुठेच येत नाही. पाइप वीतभर असो की वीस फुटी, उत्तर तेच. वीतभर तुकड्यासाठी ते बरोबरही आहे. तो प्रेसखाली ठेवून दाबला तर वाकणार नाही, चेपला जाईल.

दुसरे उत्तर लेओनहार्ड ऑयलर या गणितज्ञाचे. तो बर्लिनच्या अकादमीत असताना, 1744 मध्ये, त्याचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच्या परिशिष्टात लवचीक काठीच्या वक्रांचा अभ्यास होता. खराट्यातला एक लांब हीर जमिनीवर उभा धरून वरून बोटाने दाबला तर तो आधी सरळ राहतो आणि एका ठरावीक दाबाला अचानक बाजूला कमान टाकतो. तो मोडत नाही. बोट काढले की पुन्हा सरळ होतो. तो ठरावीक दाब किती, हे ऑयलरने गणिताने काढून दाखवले. त्याच्या सूत्रात वस्तूचा ताठरपणा आहे, छेदाचा आकार आहे आणि लांबीचा वर्ग आहे. लांबी दुप्पट केली की भार चौथाई होतो.

पण त्या सूत्रात एक गोष्ट नाही, आणि ती नसणे फार बोलके आहे. वस्तूची ताकद त्यात नाही. पोलाद साधे असो वा महागड्या प्रतीचे, त्याचा ताठरपणा जवळजवळ सारखाच असतो, दर चौरस मिलिमीटरला दोन लाख न्यूटन. त्यामुळे खूप लांब, सडपातळ खांबासाठी जास्त ताकदीचे पोलाद घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे. तो वाकायचा तेव्हाच वाकणार. आपल्या तीन मीटर पाइपला ऑयलरचे सूत्र लावले की 514 किलोन्यूटन येतात, म्हणजे 52.4 टन. हाच पाइप कापून 30 सेंटिमीटरचा केला तर तेच सूत्र त्याला 5,240 टनांचा भार देऊ करते! एवढ्या वजनाखाली त्या तुकड्याचा पत्रा होईल. ऑयलरला याची फिकीर नाही. त्याचा खांब कधी चिरडतच नाही.

म्हणजे एक सूत्र आखूड खांबांचे, दुसरे लांब खांबांचे. आखूड आणि लांब हे नुसत्या फुटांत ठरत नाही. उंचीला छेदाच्या 'रेडियस ऑफ जायरेशन'ने भागायचे. पोलाद मध्यापासून सरासरी किती लांब पसरले आहे, याचे हे माप. आपल्या पाइपसाठी ते 38.85 मिलिमीटर आहे. तीन हजार भागिले 38.85 म्हणजे 77. या आकड्याला स्लेंडरनेस रेशो म्हणतात. दहा-वीस असेल तर खांब ठेंगू. दीडशेच्या पुढे गेला तर काठीच. इमारतींतले, शेडमधले, पुलांमधले बहुसंख्य खांब मात्र 40 ते 120 च्या पट्ट्यात येतात. तिथे दोन्ही सूत्रे फसतात, आणि दोन्ही एकाच बाजूला फसतात. खांब जितके पेलतो त्याहून जास्त सांगतात. चुकायचेच असते तर दुसऱ्या बाजूला चुकली असती तर बरे झाले असते.

याचे कारण खऱ्या पाइपमध्ये आहे. तो कधीच तंतोतंत सरळ नसतो. तीन मीटरमध्ये दोन-तीन मिलिमीटरचा बाक डोळ्याला दिसतही नाही. वजन कधीच बरोबर मध्यावर बसत नाही. शिवाय पोलाद गरम असताना लाटले जाते, मग त्याचे काही भाग आधी थंड होतात आणि काही नंतर. त्या ओढाताणीत धातूच्या आत काही ताण कायमचे अडकून राहतात. वरून वजन पडण्याआधीच काही भाग दबलेला असतो. त्यामुळे भार वाढू लागला की एका बाजूचे पोलाद लवकर हार मानते. तिथला ताठरपणा संपला की वाकणे सोपे होते. वाक वाढला की त्या बाजूवर आणखी दाब येतो. चिरडणे आणि वाकणे अशी एकमेकांना मदत करू लागतात. लांब खांब पोलाद दमण्याआधीच वाकून मोकळा होतो, आखूड खांब वाकण्याआधीच दबतो. मधल्या खांबावर दोन्ही संकटे एकाच वेळी चालून येतात.

हे कागदावर नव्हे, प्रयोगातून उघड झाले. इंग्लंडमध्ये सूतगिरण्यांची बांधणी जोरात होती, मजले ओतीव लोखंडाच्या खांबांवर उभे राहत होते. मँचेस्टरच्या ईटन हॉजकिन्सनने असे अनेक खांब तुटेपर्यंत दाबून पाहिले आणि 1840 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लांब खांबांत त्याला दिसले की दोन्ही टोके सपाट, घट्ट टेकवलेला खांब गोल टोकांच्या खांबाच्या सुमारे तिप्पट भार घेतो. ऑयलरच्या हिशेबाने चौपट घ्यायला हवा होता. खरीखुरी टोके गणितातल्या टोकांइतकी घट्ट बसत नाहीत, याची ती नोंदच होती. आखूडतेकडे झुकलेल्या खांबांसाठी त्याने लांब खांबाचा भार आणि चिरडण्याचा भार यांना एकत्र गुंफणारे एक सूत्रही दिले. आकडे जुळावेत म्हणून त्यात पाऊण हा गुणक टाकलेला होता.

पुढचे काम ग्लासगोत झाले. तिथल्या विद्यापीठात 1840 मध्ये अभियांत्रिकीचे प्राध्यापकपद सुरू झाले आणि त्यावर पहिले बसले लुईस गॉर्डन. त्यांनी हॉजकिन्सनचे आकडे घेऊन सूत्राला सुटसुटीत रूप दिले, पण त्यात लांबीला खांबाच्या जाडीने भागले होते. 1855 मध्ये त्यांच्या जागी विल्यम रँकिन आले. रँकिनने जाडीऐवजी रेडियस ऑफ जायरेशन घेतला. बदल छोटा दिसतो, पण त्यामुळे एकच सूत्र भरीव गज, पोकळ पाइप आणि आय-सेक्शन अशा सगळ्यांना लागू पडू लागले. म्हणून काही पुस्तके त्याला रँकिनचे सूत्र म्हणतात, काही गॉर्डन-रँकिनचे.

मूळ कल्पना एका ओळीची आहे:

1/P = 1/Pc + 1/Pe

Pc हा चिरडण्याचा भार, Pe हा ऑयलरचा भार आणि P हा खांबाचा खरा क्रिपलिंग लोड. भारांची नव्हे, त्यांच्या व्यस्तांची बेरीज. हे कुठल्याही नियमातून सिद्ध होत नाही. पण दोन्ही टोकांना ते कसे वागते ते पाहण्यासारखे आहे. खांब अगदी आखूड असेल तर Pe प्रचंड मोठा, त्याचा व्यस्त जवळपास शून्य, आणि P म्हणजे जवळपास Pc. खांब खूप लांब असेल तर Pe इतका लहान होतो की त्याचा व्यस्त दुसऱ्याला झाकून टाकतो, आणि P ऑयलरकडे झुकतो. मध्ये कुठेतरी Pc आणि Pe सारखे होतात. तिथे उत्तर येते बरोबर निम्मे. आपला चार इंची पाइप योगायोगाने नेमका त्या जागी उभा आहे.

सोयीसाठी हेच सूत्र असे लिहितात:

P = fc·A / (1 + a·(l/k)²)

fc ही चिरडण्याची ताकद, A क्षेत्रफळ, l उंची, k रेडियस ऑफ जायरेशन. उरलेला a हा रँकिनचा स्थिरांक. मऊ पोलादाला 1/7500, ओतीव लोखंडाला 1/1600. आता पाइपचे गणित पुरे करता येते. 77.2 चा वर्ग 5963. त्याला 7500 ने भागून एक मिळवला की 1.795. आणि 497 भागिले 1.795 म्हणजे 277 किलोन्यूटन, 28.2 टन.

चाणाक्ष वाचक इथे थबकेल. पहिल्या ओळीच्या सूत्रात 50.6 आणि 52.4 सरळ घातले तर 25.7 टन येतात, 28.2 नाही. दोन्ही गणिते बरोबर आहेत. शुद्ध बीजगणिताने a ची किंमत चिरडण्याच्या ताकदीला ताठरपणाने आणि पायच्या वर्गाने भागून निघते, आणि पोलादासाठी ती 1/6170 च्या जवळ येते. पुस्तकातला 1/7500 असा निघालेला नाही. तो प्रयोगांत मोडलेल्या खांबांच्या आकड्यांवर बसवलेला आहे. सूत्राचा सांगाडा तर्काचा, त्यातले मांस अनुभवाचे. त्याला 'एम्पिरिकल' म्हणतात ते यासाठी. वर्गात हे क्वचितच सांगितले जाते. तिथे 1/7500 कोरलेल्या शिळेसारखा येतो.

अनुभवावर बसवलेल्या आकड्याला अनुभवाबाहेर नेले की तो फसवतो. हाच पाइप नऊ मीटर उंच घेतला तर ऑयलर 5.8 टन सांगतो आणि पुस्तकी रँकिन 6.2. ऑयलरचा आकडा म्हणजे परिपूर्ण, तंतोतंत सरळ खांबाची कमाल मर्यादा. खरा खांब तिच्या वर जाऊच शकत नाही. पण 1/7500 घेतल्याने स्लेंडरनेस 186 च्या पुढे गेला की सूत्र ती मर्यादा ओलांडते. सुदैवाने भारतीय मानक IS 800 नेहमीच्या भाराखालच्या खांबांना 180 च्या पुढे जाऊच देत नाही, म्हणून व्यवहारात ही चूक दारातच अडते.

ओतीव लोखंडाचा a पोलादाच्या जवळपास पाचपट आहे. म्हणजे त्या लोखंडाला चिरडण्याची ताकद भरपूर, पण खांब उंच होत गेला की ती भराभर निरुपयोगी ठरते. 200 मिलिमीटर व्यासाचा, 20 मिलिमीटर जाडीचा, साडेचार मीटर उंच पोकळ खांब घेतला तर चिरडण्याचा भार 634 टन येतो आणि क्रिपलिंग लोड फक्त 155 टन. मुंबईत काळा घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल 1867 ते 1869 या काळात अशाच ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभे राहिले. त्याचे भाग इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणलेले होते. रँकिन तेव्हा हयात होते आणि त्यांचे सूत्र ताजे होते.

पुन्हा पोटमाळ्याकडे. 28.2 टनांच्या उत्तरात एक गोष्ट गृहीत आहे: पाइपची दोन्ही टोके बाजूला सरकत नाहीत, पण थोडी फिरू शकतात. टोके पक्की जखडली तर पाइप अर्ध्या उंचीचा असल्यासारखा वागतो आणि क्रिपलिंग लोड 42 टनांवर जातो. उलट, खाली बेसप्लेट पक्की पण वरचे टोक मोकळे असेल, बीम नुसता पाइपवर टेकलेला आणि कुठल्याच भिंतीला बांधलेला नसेल, तर तो दुप्पट उंचीचा असल्यासारखा वागतो आणि उत्तर 12 टनांवर येते. पाइप तोच, वेल्डर तोच. फरक फक्त वरचे टोक कुणी धरून ठेवले आहे की नाही, एवढाच. दुकानापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये ही गफलत सर्रास दिसते. चार पाइप, वर चौकट, आणि तिरके ब्रेसिंग एकही नाही. जागा अडते म्हणून ते काढून टाकलेले असते.

दुसरी गफलत वजन मध्यावरून सरकण्याची. बीम पाइपच्या डोक्यावर न ठेवता बाजूला वेल्ड केलेल्या ब्रॅकेटवर बसवला, तर भार मध्यापासून दूर जातो. यासाठी रँकिनच्या सूत्रात छेदात आणखी एक गुणक येतो, (1 + e·y/k²). e म्हणजे भार किती सरकला ते, y म्हणजे मध्यापासून कडेचे अंतर. 50 मिलिमीटर सरकणे म्हणजे जेमतेम दोन इंच. आपल्या पाइपसाठी हा गुणक 2.89 येतो, आणि 28 टनांचे उरतात 9.7. दोन इंचांनी दोन तृतीयांश ताकद खाल्ली. बाजूला ब्रॅकेट लावताना कारागीर एवढा विचार करत नाही, आणि त्याने तो करावा अशी अपेक्षाही नाही. ज्याने आराखडा काढायला हवा होता, त्याला बहुधा बोलावलेलेच नसते.

सूत्र आणखी एका गोष्टीवर गप्प असते. ते धरून चालते की खांब एकसंध आहे. अनेक पट्ट्या जाळीने जोडून केलेला मोठा खांब जाळी अशक्त असेल तर एकसंध राहत नाही. कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवरचा क्वेबेक पूल बांधकाम चालू असतानाच 29 ऑगस्ट 1907 रोजी कोसळला आणि 75 कामगार मेले. दाबाखाली असलेल्या एका मोठ्या खालच्या पट्टीची जाळी आधी तुटली, असा चौकशीचा निष्कर्ष होता. ती पट्टी त्याआधी काही दिवसांपासून बाक घेत होती. कामावरच्या लोकांनी तो बाक मोजलाही होता, पण ती आधीपासूनच वाकडी असावी की काय, यावर पत्रापत्री चालू राहिली. दाबाखालच्या खांबाचा बाक वाढतो आहे याचा अर्थ एकच असतो, तो क्रिपलिंग लोडच्या जवळ पोहोचला आहे.

आजच्या मानकात रँकिनची जागा काय आहे? IS 800 च्या 1984 च्या आवृत्तीत त्याचे सुधारलेले रूप होते, ज्यात दोन्ही भारांच्या व्यस्तांना 1.4 हा घात देऊन बेरीज करतात. त्याला मर्चंट-रँकिन सूत्र म्हणतात. 2007 च्या आवृत्तीने ते सोडले आणि खांबातला मूळचा बाक आणि अडकलेले ताण यांचा थेट हिशेब ठेवणारे चार वक्र घेतले. पाइप कुठल्या पद्धतीने बनला यावर वक्र ठरतो. या दोन्ही आवृत्त्यांत चिरडण्याच्या 320 ऐवजी पोलादाची हमी असलेली 250 ची ताकद धरली जाते. आपल्या पाइपवर ताळा करून पाहिला तर मर्चंट-रँकिनने 27.4 टन येतात. नव्या मानकाने पाइप गरम लाटलेला असेल तर 29.8 आणि थंड अवस्थेत वळवलेला असेल तर 26.9. मध्ये बसतो रँकिनचा 28.2. दीडशे वर्षांपूर्वी मोडलेल्या खांबांवर बसवलेले सूत्र आजच्या तिन्ही आकड्यांच्या मधोमध यावे, ही साधी कामगिरी नाही. थोडी मदत जुन्या जास्तीच्या 320 ने केली, हेही खरे.

मात्र 28 टन हा मोडण्याचा आकडा आहे, ठेवण्याचा नाही. पाठ्यपुस्तकी रीतीने सुरक्षेसाठी त्याला 3 ने भागले तर 9.4 टन उरतात आणि तेही पाइप सरळ, भार मध्यावर आणि दोन्ही टोके धरलेली असतील तर. आतून गंज चढून जाडी सगळीकडे 4.5 वरून 3 मिलिमीटर झाली की 28 चे 19 होतात. म्हणून पोटमाळ्याखालचा पाइप अधूनमधून पाहावा. वरपासून खालपर्यंत सुतळी ताणून धरली तर तीन मीटरमध्ये तीन मिलिमीटरपर्यंतचा बाक चालण्यासारखा असतो. त्याहून जास्त दिसला, किंवा महिन्याभरात वाढलेला दिसला, तर पाइप ठोकून सरळ करायला जाऊ नये. आधी बाजूला टेकू लावावा, वरचे सामान उतरवावे आणि मगच स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे.